एका ‘च’चा प्रश्न: समलंब चौकोनाच्या दोन व्याख्या

हे प्रकरण चाळीसगाव तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतलं, नववीच्या वर्गातलं. मी तिथे गणित शिकवते. भूमितीतलं ‘चौकोन’ हे प्रकरण शिकवून झालं होतं आणि वर्गातल्या दोन हुशार मुलांच्या सारांशांत एका व्याख्येवरून फरक निघाला. फरक एका अक्षराचा होता. त्यावर चार दिवस वाद चालला आणि त्या चार दिवसांत माझ्याही दोन चुका उघड झाल्या. मुलांची नावं इथे बदलली आहेत.

आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रकरण संपलं की प्रत्येकाने एका फुलस्केप पानावर त्याचा सारांश लिहायचा. त्यात व्याख्या, प्रमेयं आणि स्वतः सोडवलेलं एक उदाहरण असलं पाहिजे. त्यातले दोन चांगले सारांश मी सही करून फळ्याशेजारी लावते, आणि परीक्षेच्या आधी बाकीची मुलं ते उतरवून घेतात. हे दोन सारांश बहुतेक वेळा ऋतुजा आणि तन्मय यांचेच असतात. पाचवीपासून पहिला नंबर या दोघांतच फिरतो आहे. पेपर हातात पडला की दोघंही स्वतःच्या गुणांच्या आधी दुसऱ्याचे गुण बघतात. भांडण असं कधी नसतं, पण वही मागणं नाही की अडलेलं विचारणं नाही. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत.

‘चौकोन’चे दोघांचे सारांश तीन आठवडे भिंतीवर शेजारी शेजारी होते. तन्मयने लिहिलं होतं: ‘ज्या चौकोनाच्या संमुख भुजांची एकच जोडी समांतर असते, तो समलंब चौकोन.’ ऋतुजाच्या पानावर होतं: ‘ज्या चौकोनाच्या संमुख भुजांची एक जोडी समांतर असते, तो समलंब चौकोन.’ दोन्हींखाली माझी सही. पस्तीस मुलांनी यातलं एक ना एक उतरवून घेतलं आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

लक्षात आलं ते चाचणीत. चूक की बरोबर ते सांगा या प्रश्नात एक विधान होतं: ‘प्रत्येक समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोन असतो.’ तन्मयने ‘चूक’ लिहिलं, ऋतुजाने ‘बरोबर’. वीसपैकी तन्मयला वीस, ऋतुजाला एकोणीस. मधल्या सुट्टीत ती पेपर आणि भिंतीवरचा सारांश दोन्ही घेऊन आली. टाचण्या तशाच होत्या.

“बाई, यावर तुमची सही आहे.”

मी वाचलं, आणि पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तकात ‘एकच’ होतं. तिने तो ‘च’ लिहिताना गाळला होता हे उघड होतं. मी तसं सांगितलं आणि विषय संपला असं समजले. ही माझी दुसरी चूक. पहिली अर्थातच ती सही.

तन्मय मागच्या बाकावर डबा खात होता. तो म्हणाला, “तिला पाठांतर नीट जमत नाही, बाई.” एरवी ऋतुजा त्याच्याकडे बघतही नाही. त्या दिवशी ती वळली. “मग तू सांग, चौरस हा आयत असतो का?”

“असतो.”

“आयताच्या व्याख्येत ‘लगतच्या भुजा असमान’ असं लिहिलंय का कुठे?”

तन्मय गप्प झाला. मीही क्षणभर गप्पच झाले, कारण तिचा मुद्दा बिनतोड होता. ‘च’ गळाला तो घाईत, हे तिने पुढे कबूल केलं. पण ‘च’ नसलेल्या व्याख्येची बाजू घेताना तिच्या हाती जे लागलं ते खरं होतं.

त्या प्रकरणातल्या बाकीच्या व्याख्या बघा. ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन तो आयत. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात, म्हणून चौरस हा आयत. चारही भुजा एकरूप तो समभुज चौकोन, म्हणून चौरस समभुजही. संमुख भुजांच्या दोन्ही जोड्या समांतर तो समांतरभुज, म्हणून आयत, समभुज आणि चौरस हे सगळे समांतरभुज. म्हणजे ज्याच्यात जास्त गुण आहेत तो कमी गुणांच्या घरातही राहतो. हे घर सगळ्यांना उघडं आहे. समलंबापाशी आल्यावर मात्र ‘एकच’ म्हणून दार लावून घेतलं आहे: ज्याच्या दोन जोड्या समांतर आहेत त्याने आत यायचं नाही. एकाच प्रकरणात दोन रीती. मी बारा वर्षं हे शिकवत आले आणि या सांध्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

या दोन रीतींपैकी बंद दाराची रीत जुनी आहे. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात चौकोनांची वर्गवारी केली, तिथे चौरस आणि आयत हे वेगवेगळेच आहेत. ज्याचे कोन काटकोन पण भुजा समान नाहीत तो आयत, असं तो सांगतो. त्याच्या हिशोबाने चौरस हा आयत नव्हेच. पुढे उघड्या व्याख्यांची सोय लोकांच्या लक्षात आली. आयतासाठी सिद्ध केलेलं प्रमेय चौरसाला आपोआप लागू पडतं, पुन्हा सिद्धता लिहावी लागत नाही. हळूहळू बाकीची घरं उघडली गेली, समलंबाचं बऱ्याच ठिकाणी बंदच राहिलं. ऋतुजाचा नाशिकचा मामेभाऊ सीबीएसईला होता. त्याच्या आठवीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात समांतर भुजांची ‘एक जोडी’ एवढंच होतं, ‘फक्त’ हा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने ते वाक्य वहीत उतरवून आणलं. मी तिला म्हटलं की एका पुस्तकाविरुद्ध दुसरं पुस्तक ठेवून निकाल लागत नाही. कुठली व्याख्या घेतली तर काय बदलतं, ते दाखव.

पुढचा तास मी दोघांना दिला. फळ्याच्या मध्ये उभी रेघ ओढली. डावी बाजू ऋतुजाची, उजवी तन्मयची.

ऋतुजाने क्षेत्रफळाचं सूत्र घेतलं. समांतर भुजा a आणि b, त्यांच्यातलं अंतर h, तर क्षेत्रफळ ½(a + b)h. तिने कर्ण काढून चौकोनाचे दोन त्रिकोण केले. एकाचा पाया a, दुसऱ्याचा b, दोघांचीही उंची h. म्हणून ½ah + ½bh. मग वर्गाकडे वळून म्हणाली, “यात a आणि b वेगळे असायला पाहिजेत असं मी कुठे वापरलं?” कुठेच नव्हतं. दोन्ही सारखे घेतले की सूत्राचं ah होतं, आणि तेच समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. समांतर नसलेल्या भुजांचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड समांतर भुजांच्या बेरजेच्या निम्मा असतो, या प्रमेयाचंही तसंच. एक जोडी समांतर आहे एवढ्याच आधारावर केलेली सिद्धता समांतरभुजालाही लागते. मग त्याला बाहेर ठेवून मिळालं काय?

तन्मयला हे खोडता येईना. तो जागेवर बसून पुस्तकाची पानं उलटत राहिला. अखेर उठला आणि त्याने समद्विभुज समलंब चौकोन काढला. समांतर नसलेल्या भुजा एकरूप असतील तर तो समद्विभुज समलंब, आणि त्याचे पायालगतचे दोन कोन एकरूप असतात. मग शेजारी त्याने एक समांतरभुज काढला, कोन ६०° आणि १२०°.

“तुझ्या व्याख्येने हा समलंब आहे. याच्या उरलेल्या दोन भुजा एकरूप आहेत, म्हणजे हा समद्विभुज समलंब. पायालगतचे कोन बघ. एक साठ, एक एकशे वीस. प्रमेय मेलं.”

वर्गात एकदम गलका झाला. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगण्यासारखा आहे, कारण तन्मय आजवर गणित जसंच्या तसं परत देण्यात हुशार होता. एखादं विधान एका उदाहरणाने पाडता येतं हे त्याने पहिल्यांदाच स्वतः केलं होतं.

पण प्रमेय मोडतं नेमकं कुठे? मी दोघांना सिद्धता शेवटपर्यंत लिहायला लावली, आकडे घेऊन. AB = १४, DC = ४, AB ∥ DC, आणि AD = BC = १३. D मधून CB ला समांतर रेषा काढली, ती AB ला E मध्ये मिळते. EBCD हा समांतरभुज झाला, म्हणून EB = ४ आणि DE = १३. उरला त्रिकोण ADE. त्याच्या भुजा १३, १३ आणि पाया AE = १४ − ४ = १०. तो समद्विभुज, म्हणून ∠A आणि ∠DEA सारखे. आणि DE ∥ CB असल्यामुळे ∠DEA आणि ∠B संगत, म्हणून सारखे. झालं प्रमेय. लंबही निघतो: पायाचा निम्मा ५, कर्ण १३, म्हणून लंब १२ आणि क्षेत्रफळ ½ × १८ × १२ = १०८.

आता DC वाढवत नेऊ. ती ८ झाली की AE = ६, त्रिकोण अरुंद होतो पण असतो. १२ झाली की AE = २. आणि १४ झाली की AE = ०. E जाऊन A वर बसतो. त्रिकोणच उरत नाही, मग त्याच्या कोनांबद्दल बोलणार काय? समांतरभुजापाशी सिद्धतेच्या पायाखालची जमीनच जाते.

इथे मला ‘लीलावती’ काढावीशी वाटली. आमच्या भागाचा भास्कराचार्यांशी संबंध आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तो लेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. आमच्या शाळेची सहल पाटणादेवीला दर दोन वर्षांनी जाते, पण तिथे गेलेल्या मुलांनी ‘लीलावती’तला एक श्लोकही वाचलेला नसतो. ११५० सालच्या या ग्रंथात नेमका हाच चौकोन आहे. श्लोकाची सुरुवात अशी: ‘समानलम्बस्य चतुर्भुजस्य मुखोनभूमिं परिकल्प्य भूमिम्’. भूमी म्हणजे खालची भुजा, मुख म्हणजे वरची. भूमीतून मुख वजा करा, उरलेल्याला पाया माना, बाजूच्या दोन भुजा घेऊन त्रिकोण करा आणि त्याचा लंब काढा. म्हणजे आम्ही फळ्यावर जे १४ − ४ केलं तेच.

मुलांना आधी चकित केलं ते नावाने. समलंब म्हणजे काय, तर वरच्या दोन्ही शिरोबिंदूंपासून खाली टाकलेले लंब समान असलेला. नावात समांतर शब्दच नाही. ऋतुजा लगेच म्हणाली, “मग समांतरभुजाचेही लंब समान असतात की!” खरंच आहे. नुसतं नाव बघितलं तर दार उघडं आहे. तन्मय मात्र श्लोकाची पुढची रीत बघत होता. “पण मुख आणि भूमी सारखी असली तर वजाबाकी शून्य येईल, बाई. ही रीत चालणारच नाही.” नाव तिच्या बाजूने आणि रीत त्याच्या बाजूने, असा तो श्लोक निघाला.

त्या शून्यात नुसती अडचण नाही, त्यात भूमिती आहे. हे पटवण्यासाठी मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आणल्या, टोकांना टाचण्या लावून चौकट केली. १४, १३, १४, १३ सेंटिमीटरच्या पट्ट्यांची चौकट कशीही कलती करा, ती समांतरभुजच राहते. उभी केली तर लंब १३, आडवी होत गेली तर १०, ५, १. क्षेत्रफळ हवं ते. पण १४, १३, ४, १३ ची चौकट जरा हलवली की वरची पट्टी तिरकी होते आणि समांतरपणा जातो. समांतर राहायचं तर लंब १२च. म्हणजे कुठल्या दोन भुजा समांतर आहेत हे ठाऊक असेल, तर ‘एकच’ जोडीच्या समलंबाच्या चार भुजांवरून त्याचं क्षेत्रफळ ठरतं. समांतरभुजाच्या चार भुजांवरून ठरत नाही. नुसत्या चार भुजा सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि ते सांगणाऱ्याला तर त्याहून जास्त, भास्कराचार्यांनी त्याच ग्रंथात पिशाच म्हटलं आहे. चौकोनाची स्थिती अनियत असते हे ज्याला कळत नाही तो पिशाच. वर्गाला तो शब्द फार आवडला.

इथवर तन्मयचं पारडं जड झालं होतं. पण मी दोघांचे सारांश पुन्हा वाचायला घेतले, या वेळी व्याख्येखालचं सोडवलेलं उदाहरणसुद्धा. दोघांनी एकच उदाहरण घेतलं होतं: □ABCD च्या कोनांचं प्रमाण क्रमाने ४ : ५ : ७ : ८ आहे, तर तो समलंब आहे हे दाखवा. बेरीज २४ भाग म्हणजे ३६०°, एक भाग १५°, म्हणून कोन ६०°, ७५°, १०५°, १२०°.

तन्मयने पुढे लिहिलं होतं: ∠A + ∠D = ६०° + १२०° = १८०°, म्हणून AB ∥ DC, म्हणून □ABCD समलंब आहे. एवढंच.

ऋतुजाने तेच लिहून पुढे आणखी एक ओळ लिहिली होती: ∠A + ∠B = ६०° + ७५° = १३५°, हे १८०° नाही, म्हणून AD आणि BC समांतर नाहीत. म्हणून □ABCD समलंब आहे.

व्याख्येत ‘एकच’ म्हणणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: एक जोडी समांतर आहे, आणि दुसरी नाही. तन्मयने अर्धंच काम केलं होतं. ‘एक’ म्हणणाऱ्याला पहिली ओळ पुरते, आणि ऋतुजाने जास्तीची ओळ लिहिली होती. म्हणजे तन्मयची सिद्धता ऋतुजाच्या व्याख्येने पूर्ण होत होती, आणि ऋतुजाची तन्मयच्या. मी दोन्ही पानं मुकाट्याने त्यांच्यासमोर ठेवली. तन्मयला कळायला वेळ लागला नाही. तो लाल झाला. ऋतुजा आधी हसली, मग तिलाही कळलं की ती ओळ तिने पुस्तकातल्या नमुन्यावरून उतरवली होती, का लागते ते न विचारता.

मला या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच वाटते. मुलाने व्याख्या काय लिहिली आहे यावरून त्याला ती कळली की नाही हे दिसत नाही. ‘म्हणून हा अमुक आहे’ असं म्हणण्याआधी तो काय काय तपासतो, त्यावरून दिसतं. तेव्हापासून मी सारांशात आधी उदाहरण वाचते, व्याख्या नंतर.

गुणांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. ऋतुजाच्या उत्तरात तिच्या व्याख्येशी विसंगत काही नव्हतं, आणि त्या व्याख्येवर माझी सही होती. तरी चाचणी त्या प्रकरणावर होती आणि प्रकरणात ‘एकच’ आहे, बोर्डाच्या परीक्षेतही तेच धरलं जाईल. मी गुण दिला नाही, कारण सांगितलं, आणि सही करताना मी नीट वाचलं नव्हतं हेही वर्गासमोर सांगितलं. तिला ते आवडलं नाही. घरी जाऊन ती आईजवळ रडली, असं मला नंतर कळलं. आजही मला तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटत नाही. पुढच्या वर्षीपासून मी त्या प्रश्नात व्याख्या आधी छापते आणि मग विधान देते.

भिंतीवर नवे सारांश लावायचे होते. मी दोघांना सांगितलं की एकमेकांचा सारांश दुरुस्त करून आणा. तन्मयने ऋतुजाच्या पानावर ‘एक’पुढे बाण काढून ‘च’ घातला आणि खाली लिहिलं: ‘आपल्या पुस्तकाप्रमाणे. च नसेल तर समद्विभुजाचं प्रमेय बदलावं लागेल.’ ऋतुजाने तन्मयच्या सिद्धतेत राहिलेली ओळ लिहिली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममधून निघाले तर नववीच्या वर्गातला दिवा चालू होता. दोघं फळ्यापाशी. ऋतुजाला तिचा ‘एक’ अजून सोडवत नव्हता. तिने समद्विभुजाची व्याख्याच बदलली होती: भुजा एकरूप म्हणायचं नाही, पायालगतचे कोन एकरूप म्हणायचं. मग साठ-एकशेवीसचा समांतरभुज आपोआप बाहेर पडतो, आणि भुजा एकरूप असणं हे प्रमेय होतं.

तन्मय खडू घेऊन उभा होता. “पण मग आयत आत येतो. त्याचे पायालगतचे कोन नव्वद-नव्वद.”

“येऊ दे की. त्याच्या भुजा एकरूप आहेत ना?”

“आहेत. कर्ण पण एकरूप.”

“मग?”

तन्मयने फळ्यावर आयत काढला, त्यात D मधून CB ला समांतर रेषा काढायला गेला आणि थांबला, कारण ती रेषा DA वरच पडत होती. “याची सिद्धता वेगळी लागेल,” तो म्हणाला. ऋतुजाने डस्टर उचललं आणि त्याच्या बाजूची अर्धी जागा पुसून दिली.